शब्दाची जात वाक्यात ठरते

परवा संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी वही घेऊन आली. चेहरा पडलेला. सरावाच्या चाचणीत तिला इंग्रजीच्या एका प्रश्नात चारपैकी दोनच गुण मिळाले होते. प्रश्न असा: ‘पुढील शब्दांच्या जाती लिहा.’ आणि खाली ओळीत चार शब्द, वॉटर, फास्ट, आफ्टर, राउंड. वाक्य एकही नाही. तिने लिहिलं होतं, वॉटर नाम, फास्ट विशेषण, आफ्टर क्रियाविशेषण, राउंड विशेषण. शेवटच्या दोन उत्तरांवर लाल काट होती आणि दोन्हीकडे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रिपोझिशन’.

“काकू, राउंड म्हणजे गोल ना? मग विशेषणच झालं ना?”

तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर आता मला अशा प्रश्नांचा राग येतो, मुलांचा नाही. तिचं उत्तर चूक नव्हतं. तपासणाऱ्याने लिहिलेलंही चूक नव्हतं. ज्या प्रश्नाला उत्तरच नाही असा प्रश्न विचारला गेला होता. वाक्याबाहेर काढलेल्या इंग्रजी शब्दाची जात विचारणं म्हणजे पटावरून उचललेली सोंगटी दाखवून ‘ही कुठल्या घरात आहे’ असं विचारण्यासारखं आहे.

वहीच्या मागच्या पानावर मी तिला पाच वाक्यं लिहून दिली. ‘वी हॅव अ राउंड टेबल.’ आमच्याकडे गोल टेबल आहे. ‘शी वॉन द फर्स्ट राउंड.’ तिने पहिली फेरी जिंकली. ‘द बस राउंडेड द कॉर्नर.’ बसने कोपऱ्यावर वळण घेतलं. ‘वी सॅट राउंड द फायर.’ आम्ही शेकोटीभोवती बसलो. ‘ही टर्न्ड राउंड.’ तो मागे वळला. शब्द एकच, पण पाच वाक्यांत पाच जाती. विशेषण, नाम, क्रियापद, शब्दयोगी, क्रियाविशेषण. मराठीकडे पाहा. गोल, फेरी, वळण घेतलं, भोवती, मागे. पाच ठिकाणी आपल्याला पाच निराळे शब्द घ्यावे लागले. इंग्रजीने एकाच शब्दावर भागवलं.

शाळेत आपण व्याख्या पाठ करतो. नाम म्हणजे व्यक्ती, वस्तू, स्थळ यांचं नाव. क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द. या व्याख्या अर्थावर उभ्या आहेत आणि तिथेच त्या डळमळतात. पळापळ, मारामारी, रडारड यांत क्रिया नाही तर काय आहे? तरीही ती नामं आहेत, कारण आपण ‘पळापळीत चप्पल हरवली’ असं म्हणतो. इंग्रजीत ‘अरायव्हल’ म्हणजे येणं, क्रिया आहे, पण शब्द नाम. उलट ‘आय नो हिम’ या वाक्यातल्या ‘नो’मध्ये कसलीच हालचाल नाही, पण क्रियापद तेच आहे. म्हणून ‘या शब्दाचा अर्थ काय’ इथून सुरुवात केली की मूल निम्म्या वेळा फसतं. ‘या वाक्यात हा शब्द कुणाशेजारी उभा आहे आणि काय काम करतो आहे’ इथून सुरुवात करायला हवी.

मराठी मुलांना हे जड जातं त्याचं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठी शब्द आपली जात अंगावर घालून फिरतो. ‘पाण्यात’, ‘पाण्याला’, ‘पाण्याने’ ऐकलं की नाम आहे हे कळतं, बाकीचं वाक्य ऐकायची गरज नाही. ‘घातलं’, ‘घालेन’, ‘घालते’ ऐकलं की क्रियापद. इंग्रजीचीही कधीकाळी अशीच घडण होती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत प्रेम या नामाला ‘लुफु’ म्हणत आणि प्रेम करणे या क्रियापदाला ‘लुफिअन’. पेय म्हणजे ‘ड्रिंक’, पिणे म्हणजे ‘ड्रिंकन’. शेवटच्या अक्षरांवरून कुठलं काय ते ओळखू येई. पुढच्या काही शतकांत ही शेवटची अक्षरं बोलण्यात झिजत गेली आणि गळून पडली. ‘लुफु’ही ‘लव्ह’ झालं आणि ‘लुफिअन’ही ‘लव्ह’ झालं. दोन शब्दांचा चेहरा एक झाला.

चेहरा एक झाल्यावर फरक दाखवणार कोण? ते काम जागेने उचललं. म्हणून इंग्रजीत शब्दांचा क्रम इतका कडक आहे. ‘माणसाला कुत्रा चावला’ हे आपण ‘कुत्रा माणसाला चावला’ असंही म्हणतो, अर्थ तोच राहतो, कारण ‘ला’ आपलं काम सोडत नाही. इंग्रजीत ‘द डॉग बिट द मॅन’ उलटं केलं की माणूस कुत्र्याला चावतो. आणि एकदा जागेवर भरवसा बसल्यावर इंग्रजी माणसाला मोकळं रान मिळालं. कुठलंही नाम उचला, क्रियापदाच्या जागी ठेवा, ते क्रियापद झालं. ‘वॉटर द प्लांट्स’, झाडांना पाणी घाल. ‘बुक अ टिकिट’, तिकीट काढ. ‘फोन मी’, मला फोन कर. आपल्याला दर वेळी घाल, काढ, कर असं काहीतरी जोडावं लागतं. इंग्रजी शब्द मराठीत आणतानासुद्धा आपण हा नियम मोडत नाही. कुणीही ‘मला फोन’ म्हणून थांबत नाही, ‘फोन कर’ म्हणतो. ‘बुक कर’, ‘पार्क कर’, ‘डाउनलोड कर’. हे ‘कर’ मराठीने लावलेलं क्रियापदाचं लेबल आहे. इंग्रजी वाक्यात ते लेबल नसतं, तिथे फक्त जागा असते.

असे किती शब्द आहेत? फार नाहीत, पण जे आहेत ते सारखे वापरात असतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६१ साली छापलेल्या अमेरिकी मजकुरातले ५०० उतारे निवडून सुमारे दहा लाख शब्दांचा एक संग्रह केला गेला आणि पुढे त्यातल्या प्रत्येक शब्दाला त्याची जात लावली गेली. १९८८ साली स्टीव्हन डीरोझ या अभ्यासकाने तो मोजला. निरनिराळे शब्द म्हणून पाहिलं तर एकाहून जास्त जाती असलेले शब्द जेमतेम साडेअकरा टक्के निघाले. पण मजकुरात वारंवार येणारे शब्द म्हणून मोजले, तर दर शंभरातले चाळीस शब्द असे दुहेरी-तिहेरी निघाले. म्हणजे शब्दकोशाची पानं चाळताना ही अडचण लहान वाटते आणि वाचायला बसलं की दर दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला भेटते.

मग ओळखायचं कसं? मी मुलांना एकच सवय लावत आले. आधी क्रियापद शोधा. वाक्याचं छप्पर त्या एका वाशावर असतं. आणि क्रियापद शोधायला अर्थ लागत नाही, वाक्याचा काळ बदलून पाहायचा. पुढे ‘यस्टरडे’ लावा. जो शब्द रूप बदलेल तो क्रियापद. ‘आय वॉटर द प्लांट्स’ला काल लावला की ‘यस्टरडे आय वॉटर्ड द प्लांट्स’ होतं. बदलला तो ‘वॉटर’, म्हणून इथे तो क्रियापद. ‘आय ड्रिंक वॉटर’ला काल लावला की ‘आय ड्रँक वॉटर’. ‘वॉटर’ जागचा हलला नाही, म्हणून इथे तो क्रियापद नाही.

ही युक्ती किती खोल जाते हे दाखवायला मी त्या मुलीला एक जुनं, इंग्रजी व्याकरणाच्या वर्गांत प्रसिद्ध असलेलं वाक्य दिलं. ‘द ओल्ड मॅन द बोट.’ पाचच शब्द, सगळे तिसरीतल्या मुलाला येणारे.

तिने वाचलं, “द ओल्ड मॅन… म्हातारा माणूस… द बोट? काकू, यात काहीतरी राहिलंय.”

सगळ्यांना असंच वाटतं. ‘द ओल्ड मॅन’ हे तीन शब्द आपण इतक्या वेळा एकत्र पाहिलेले असतात की डोळा थांबतच नाही. म्हातारा माणूस, पुढे क्रियापद येईल म्हणून वाट पाहतो आणि ‘द बोट’वर धडकतो. “शेवटी ‘द बोट’ आहे,” मी म्हटलं. “‘द’ आलं की त्यामागून नाम येणार. म्हणजे ‘बोट’ नाम. ती क्रियापद असू शकत नाही. मग वाक्यात क्रियापद व्हायला कोण उरलं?” तिने बोट ठेवून एकेक शब्द पाहिला. ‘द’ नाही. ‘ओल्ड’ला काल लावता येत नाही. उरला ‘मॅन’. “मॅनला यस्टरडे?” तिने बिचकत लिहिलं, ‘द ओल्ड मॅन्ड द बोट.’ आणि तिथे ते उघडलं. ‘मॅन’ हे क्रियापद म्हणून वापरलं की अर्थ होतो, माणसं म्हणून कामावर उभं राहणं, नाव चालवणं, तोफ सांभाळणं. वाक्याचा अर्थ आहे, नाव म्हातारेच चालवतात.

आता ‘ओल्ड’चं काय? त्याच्यामागे ‘द’ आहे आणि पुढे नाम नाही, म्हणून नामाची जागा त्यानेच भरली. मराठीत आपण हे रोज करतो. ‘आंधळ्यांना काठीचा आधार’, ‘शहाण्याला शब्दाचा मार’. आंधळा, शहाणा ही विशेषणं नाम होऊन उभी आहेत. फक्त आपण त्यांना ‘ना’, ‘ला’ लावतो आणि गोंधळ राहत नाही. इंग्रजीतला ‘ओल्ड’ अंगावर काहीच घेत नाही.

नाम आणि क्रियापद एकाच चेहऱ्याचे असले तरी काही जोड्यांत उच्चाराने फरक कळतो, पण तो कागदावर दिसत नाही. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर पहिल्या भागावर जोर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘प्रेझेंट’ यांचंही तसंच. ‘यूझ’ क्रियापदाला शेवटी झ असतो, नामाला स, ‘यूस’. मराठीत असा जोर शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्ष देत नाही आणि आपण दोन्हीकडे सारखंच बोलतो. मोठ्याने वाचून दाखवणारा शिक्षक असेल तर हा फरक मुलांच्या कानात बसतो, नाहीतर तो कुठल्याही गाइडातून कळत नाही.

आता त्या चाचणीतल्या ‘आफ्टर’कडे येते. आफ्टर, बिफोर, सिन्स या शब्दांच्या तीन जाती होतात आणि त्या ओळखायला मागे बघायचं नसतं, पुढे बघायचं असतं. ‘वी मेट आफ्टर लंच.’ पुढे नुसतं नाम आहे, म्हणून हे शब्दयोगी, म्हणजे प्रिपोझिशन. ‘वी मेट आफ्टर ही लेफ्ट.’ पुढे एक आख्खं वाक्य आहे, त्याला स्वतःचा कर्ता ‘ही’ आणि स्वतःचं क्रियापद ‘लेफ्ट’. दोन वाक्यं जोडली गेली, म्हणून इथे ‘आफ्टर’ उभयान्वयी. ‘दे लिव्ह्ड हॅपिली एव्हर आफ्टर.’ पुढे काहीच नाही, पूर्णविराम. म्हणून क्रियाविशेषण. पुढे नाम, पुढे वाक्य, पुढे पूर्णविराम, एवढं पाहिलं की पुरतं.

मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला यात मधली जात दिसत नाही, आणि त्यात मुलाचा दोष नाही. आपण म्हणतो, ‘जेवणानंतर भेटलो’ आणि ‘तो गेल्यानंतर भेटलो’. दुसऱ्या वाक्यात इंग्रजी जिथे पूर्ण वाक्य ठेवते तिथे आपण ‘गेला’चं ‘गेल्या’ करून त्याला ‘नंतर’ लावून टाकलं. क्रियापदाचा ताठा आपण आधीच काढून घेतला, म्हणून दोन्हीकडे ‘नंतर’ एकसारखंच दिसतं. इंग्रजी वाक्याचं मनातल्या मनात मराठी करून मग जात ओळखणारी मुलं नेमकी इथे चुकतात. जात इंग्रजी वाक्यातच शोधावी लागते.

‘पुढे नाम असेल तर शब्दयोगी’ हा नियम मात्र एका ठिकाणी दगा देतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा. ही दोन वाक्यं पाहा. ‘ही रॅन अप द हिल.’ तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप द बिल.’ त्याने उधारी वाढवून ठेवली. दोन्हींत ‘अप’नंतर नाम आहे. पण दुसऱ्या वाक्यातला ‘अप’ बिलाचा नाही, ‘रॅन’चा आहे. पारख सोपी आहे. ‘अप’ उचलून नामाच्या मागे ठेवा. ‘ही रॅन द बिल अप’ हे चालतं. ‘ही रॅन द हिल अप’ म्हटलं तर इंग्रज माणूस कपाळाला आठ्या घालेल. नामाऐवजी ‘इट’ ठेवलं की फरक आणखी ठळक होतो. टेकडीबद्दल ‘रॅन अप इट’, बिलाबद्दल ‘रॅन इट अप’. जो उडी मारून पलीकडे जाऊ शकतो तो क्रियापदाचा सोबती, क्रियाविशेषण. जो नामाला चिकटूनच बसतो तो शब्दयोगी. पुट ऑन, टेक ऑफ, टर्न डाउन असे शेकडो जोडीदार इंग्रजीत आहेत आणि गाइडांमध्ये त्यांतल्या ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘डाउन’ला सरसकट प्रिपोझिशन लिहिलेलं मी वर्षानुवर्षं पाहत आले.

शब्दयोगी या नावाबद्दलही एक सांगायला हवं. आपल्या व्याकरणातल्या आठ जातींची मांडणी इंग्रजीच्या आठ जातींशी जुळते, हा योगायोग नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्या काळी शाळांमध्ये गाजत असलेल्या लिंडले मरे यांच्या १७९५ सालच्या इंग्रजी व्याकरणात तर जाती नऊ होत्या, कारण ‘अ’ आणि ‘द’ यांना तिथे स्वतंत्र घर दिलं होतं. मराठीत अशी उपपदं नाहीत. पण जोडणी जुळली तरी वस्तू एक नाही. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागतं, झाडाखाली, घरासमोर. इंग्रजीतलं नामाच्या आधी येतं, ‘अंडर द ट्री’. त्यामुळे ‘प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी’ असं पाठ केलेलं मूल इंग्रजी वाक्यात नामाच्या पाठीमागे शोधत बसतं.

विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्या सीमेवर आपल्याला मराठीची मदत कमी होते. ‘मुलगा चांगला आहे’ आणि ‘मुलगा चांगला गातो’ या दोन्हींत आपण ‘चांगला’च म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला ‘गुड’ आणि दुसऱ्याला ‘वेल’. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ मात्र आपल्यासारखेच वागतात. ‘अ फास्ट ट्रेन’मध्ये विशेषण, ‘शी रन्स फास्ट’मध्ये क्रियाविशेषण. ‘फास्टली’ असा शब्द नाही. ‘हार्डली’ आहे, पण त्याचा अर्थ ‘जेमतेम’ असा होतो, म्हणून ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिणारा विद्यार्थी मेहनती मुलाला कामचुकार ठरवून बसतो. आणि शेवटी ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, ही खूणही नेहमी खरी नसते. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’ ही विशेषणं आहेत.

यात सगळ्यात जास्त चुकतं ते चवीच्या आणि वासाच्या वाक्यांत. ‘द सूप टेस्ट्स गुड.’ ‘टेस्ट्स’ क्रियापद, मग त्याला जोडून येणारा ‘गुड’ क्रियाविशेषण, असा मुलांचा हिशेब असतो. तो हिशेब तपासायला ‘टेस्ट्स’च्या जागी ‘इज’ ठेवा. ‘द सूप इज गुड.’ वाक्य उभं राहिलं. म्हणजे ‘गुड’ सूपबद्दल बोलतो आहे, चव घेण्याबद्दल नाही, म्हणून विशेषण. ‘शी टेस्टेड द सूप केअरफुली’मध्ये ‘इज’ ठेवून पाहा, वाक्य कोसळतं. तिथे ‘केअरफुली’ चव घेण्याबद्दल बोलतो आणि क्रियाविशेषण ठरतो. ‘लुक’ हा शब्द तर दोन्ही बाजूंनी खेळतो. ‘ही लुक्ड अँग्री’, तो रागावलेला दिसत होता. ‘ही लुक्ड अँग्रिली अ‍ॅट मी’, त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. दिसणं आणि पाहणं, मराठीत दोन धातू आहेत म्हणून आपल्याला फरक लगेच कळतो. इथे मराठीची खरी मदत होते.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘दॅट’ आहे. वर्ग पेंगायला लागला की मी फळ्यावर लिहीत असे, ‘ही सेड दॅट दॅट वॉज द बुक दॅट ही वॉन्टेड.’ तीन ‘दॅट’, त्यांतले दोन शेजारी-शेजारी. मुलं म्हणत, “बाई, एक जास्त लिहिलात.” मी म्हणायची, एक पुसून बघा.

पहिला पुसला तरी वाक्य चालतं. ‘ही सेड दॅट वॉज द बुक…’ तो फक्त ‘म्हणाला’ आणि म्हटलेलं वाक्य यांना जोडत होता, आपल्या ‘की’सारखा. ‘तो म्हणाला की…’ म्हणजे उभयान्वयी. दुसरा पुसता येत नाही, कारण ‘वॉज’चा कर्ता तोच आहे. त्याच्या जागी ‘धिस’ ठेवता येतो. तो ‘ते’ आहे, सर्वनाम. तिसऱ्याच्या जागी ‘विच’ ठेवता येतो. ‘द बुक विच ही वॉन्टेड’, जे पुस्तक त्याला हवं होतं. तो पुस्तकाकडे बोट दाखवणारा ‘जे’ आहे, संबंधी सर्वनाम. की, ते, जे. मराठीने तीन शब्द केले आहेत, इंग्रजीने एकाच शब्दाला तीन कामं दिली. हे वाक्य मराठीत नीट सांगता आलं की तीनही जाती आपोआप सुटतात. ‘तो म्हणाला की तेच ते पुस्तक जे त्याला हवं होतं.’

कानही इथे साक्ष देतो. दुसरा ‘दॅट’ इंग्रज माणूस ठासून, पूर्ण उच्चारतो. पहिला आणि तिसरा घाईत ‘दट’ म्हणून निसटून जातात. आणि ‘दॅट बुक’मध्ये तोच शब्द नामाआधी येऊन विशेषणासारखा वागतो, तर ‘इट इजंट दॅट फार’मध्ये तो ‘तितकं’ होतो, क्रियाविशेषण. एवढ्या लहान शब्दाला पाच कामं. मला वाटतं, फास्ट आणि वॉटर यांच्याआधी मुलांना हा शब्द शिकवायला हवा, कारण तो इंग्रजी पुस्तकाच्या जवळपास प्रत्येक पानावर भेटतो.

या सगळ्या पारखी करून झाल्यावरही एक जागा अशी उरते जिथे जाणकारांतही एकमत नाही. त्या मुलीनेच ती काढली. वही मिटता मिटता तिने विचारलं, “काकू, मग ‘स्कूल बस’मधला ‘स्कूल’ काय? बस कुठली, तर शाळेची. म्हणजे विशेषण?”

शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर बहुधा विशेषण असं असतं, कारण तो नामाबद्दल अधिक माहिती देतो. पण विशेषणाला लावायच्या पारखी त्याला लावून बघू, असं मी म्हटलं. पहिली, मागे ‘व्हेरी’ ठेवा. ‘अ व्हेरी बिग बस’ चालतं. ‘अ व्हेरी स्कूल बस’ म्हटल्यावर ती खिदळायला लागली. दुसरी, तुलना करा. बिगर आहे, ‘स्कूलर’ नाही. तिसरी, ‘इज’च्या पुढे ठेवा. ‘द बस इज बिग’ होतं, ‘द बस इज स्कूल’ होत नाही. तिन्ही पारखींत तो नापास झाला. म्हणून आजचे बरेच व्याकरणकार म्हणतात की ‘स्कूल’ इथेही नामच आहे, फक्त दुसऱ्या नामाच्या पुढे उभं राहून त्याची ओळख सांगतं आहे. ‘स्टोन वॉल’, ‘कॉटन सारी’, ‘ट्रेन टिकिट’ यांचंही तेच. मराठीत ‘शाळेची बस’ म्हणताना आपण ‘ची’ लावून हे काम उघड करतो, इंग्रजीने ‘ची’ न लावता दोन नामं शेजारी ठेवली.

मघाच्या ‘ओल्ड’लाही हीच पारख लावली तर गंमत होते. ‘द व्हेरी ओल्ड मॅन द बोट’ असं म्हणता येतं आणि ‘द ओल्ड्स’ असं अनेकवचन मात्र होत नाही. म्हणजे तो नामाच्या जागी बसला असला तरी विशेषणाची सवय त्याने सोडलेली नाही. शाळा त्याला नाम म्हणते, काही व्याकरणकार त्याला विशेषणच म्हणतात. दोघांचीही कारणं खरी आहेत.

“मग परीक्षेत काय लिहू?” तिने विचारलं.

मी सांगितलं, परीक्षेत तुझ्या पुस्तकात आहे ते लिही, पण वहीत दोन्ही लिहून ठेव. तिने ‘स्कूल बस’पुढे शाईने ‘विशेषण’ लिहिलं आणि त्याच्याखाली पेन्सिलीने ‘नाम’. मग थोडा विचार करून चाचणीच्या त्या पानावर परत गेली, ‘राउंड’च्या लाल काटेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘वाक्य द्या’, आणि उद्या ते बाईंना दाखवायचं ठरवून घरी गेली.